कोड्यातली ‘विहिर’ का चुकते?

‘करमाळ्याच्या कमलाभवानी मंदिराजवळची ९६ पायऱ्यांची वास्तू’ असा शब्दकोड्याचा संकेत समजा. ‘विहिर’ असो वा ‘विहीर’, घरे तीनच लागतात. त्यामुळे कागदावर दोन्ही बसतात. ऑनलाइन तपासणी मात्र ‘विहिर’ला चूक ठरवते. संगणकाच्या लेखी ऱ्हस्व वेलांटी (U+093F) आणि दीर्घ वेलांटी (U+0940) ही वेगळी अक्षरचिन्हे आहेत. साठवलेल्या उत्तराहून एक जरी चिन्ह वेगळे निघाले, की उत्तर बाद.

साठवलेले उत्तर सहसा प्रमाणलेखनानुसार असते. मराठी अकारान्त शब्दातले उपान्त्य इकार-उकार दीर्घ, म्हणून ‘विहीर’. पुढे प्रत्यय लागला की ऱ्हस्व, म्हणून ‘विहिरीत’. ‘मंदिर’ संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, म्हणून ऱ्हस्वच. उत्तर नाकारले गेले, तर आधी शेवटून दुसऱ्या अक्षराची वेलांटी तपासा.