उत्तर बरोबर आहे, पण का?

दहावीतल्या एका मुलीने इंग्रजीच्या वर्कबुकातल्या एका पानाचा फोटो पाठवला. पान जरा तिरकं आलेलं, कडेला बोटाची सावली. वर ठळक अक्षरांत ‘डू ॲज डायरेक्टेड’, खाली पाच वाक्यं आणि प्रत्येकापुढे काय करायचं त्याची सूचना. उत्तरं पेन्सिलीने लिहिलेली होती. तीन बरोबर, दोन चूक. फोटोखाली तिने लिहिलं होतं, ‘‘मॅडम, मागे उत्तरं दिली आहेत, पण ती तशीच का येतात ते कुठेच दिलेलं नाही.’’

तिची तक्रार रास्त आहे. वाक्यपरिवर्तनात वाक्याचं रूप बदलायचं असतं, अर्थाला धक्का लावायचा नसतो. रूप बदललं की अर्थ कुठेतरी निसटू पाहतो आणि त्याला धरून ठेवण्यासाठी वाक्यात दुसरीकडे काहीतरी बदलावं लागतं. व्याकरणाचा नियम म्हणजे तो दुसरा बदल. म्हणून ही पाच उत्तरं कारणांसकट पाहू.

पहिलं वाक्य होतं, ‘द टी इज टू हॉट टू ड्रिंक’. सूचना, पहिला ‘टू’ काढा. हा दोन ‘ओ’ असलेला ‘टू’, ‘प्रमाणाबाहेर’ या अर्थाचा. मुलीचं उत्तर बरोबर होतं, ‘द टी इज सो हॉट दॅट वी कॅनॉट ड्रिंक इट’. मूळ वाक्यात ‘नाही’ अशा अर्थाचा एकही शब्द नाही, तरी चहा पिता येत नाही हे आपल्याला कळतं. तो नकार ‘टू’च्या पोटात दडलेला आहे. ‘टू’ गेला की नकारही जातो, म्हणून तो ‘कॅनॉट’च्या रूपाने उघडपणे आणावा लागतो. पुढे ‘वी’ आणि ‘इट’ हे शब्द कुठून आले? ‘दॅट’नंतर स्वतंत्र उपवाक्य सुरू होतं आणि त्याला स्वतःचा कर्ता लागतो. पिणारा कोण हे मूळ वाक्यात सांगितलेलं नाही, म्हणून ‘वी’ किंवा ‘वन’ घ्यायचा. ‘ड्रिंक’ला कर्म लागतं, म्हणून ‘इट’. पुष्कळ मुलं इथे ‘दॅट इट कॅनॉट ड्रिंक’ असं लिहितात. मग पिणारा चहाच होतो! ‘इट’ला कर्ता करायचंच असेल तर क्रियापद कर्मणी हवं, ‘इट कॅनॉट बी ड्रंक’. मूळ वाक्यात ‘इज’ऐवजी ‘वॉज’ असता, तर ‘कॅनॉट’च्या जागी ‘कुड नॉट’ आला असता.

दुसरं वाक्य, ‘ॲज सून ॲज द बेल रँग, द चिल्ड्रन रॅन आउट’. सुरुवात ‘नो सूनर’ने करायची. मुलीने लिहिलं होतं, ‘नो सूनर द बेल रँग देन द चिल्ड्रन रॅन आउट’. यात दोन चुका आहेत आणि दोन्ही हमखास होणाऱ्या आहेत.

पहिली चूक शब्दक्रमाची. नकारार्थी क्रियाविशेषण वाक्याच्या तोंडाशी आलं की इंग्रजीत सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी येतं, जसं प्रश्न विचारताना येतं. ‘नेव्हर’, ‘सेल्डम’, ‘हार्डली’ यांनी वाक्य सुरू केलं तरी हेच होतं. मराठीत ‘घंटा वाजते न वाजते तोच’ म्हणताना असा उलटापालट करावा लागत नाही, म्हणून आपल्या मुलांच्या ते अंगवळणी पडत नाही. ‘रँग’ या एकट्या भूतकाळी क्रियापदाला सहायक नाही, तेव्हा ‘डिड’ आणावा लागतो. भूतकाळ दाखवण्याचं काम ‘डिड’ने घेतलं की मूळ क्रियापद साध्या रूपावर येतं, ‘नो सूनर डिड द बेल रिंग’. ‘डिड’ही आणला आणि ‘रँग’ही ठेवला, तर एकच भूतकाळ दोनदा सांगितल्यासारखं होतं. ‘नो सूनर हॅड द बेल रंग’ हेही बरोबर आहे, कारण ‘हॅड’ हा सहायकच आहे आणि त्याच्यामागे क्रियापदाचं तिसरं रूप येतं.

दुसरी चूक ‘देन’ची. ‘सूनर’ हे ‘सून’चं तुलनेचं रूप आहे, शेवटच्या ‘ईआर’वरून ते ओळखू येतं. तुलना आली की ‘दॅन’ येतो, मधलं अक्षर ‘ए’. ‘ई’वाला ‘देन’ म्हणजे ‘मग’. कानाला दोन्ही जवळपास सारखे वाटतात, म्हणून लिहिताना गफलत होते. म्हणजे पूर्ण उत्तर असं, ‘नो सूनर डिड द बेल रिंग दॅन द चिल्ड्रन रॅन आउट’. मागचा अर्धा भाग आहे तसाच राहतो. ‘हार्डली’ने सुरुवात केली तर मात्र ‘दॅन’ नको, ‘व्हेन’ हवा, कारण ‘हार्डली’त तुलना नाही.

तिसरं कर्मणी प्रयोगाचं. ‘द बॉइज लाफ्ट ॲट हिम’ याचं ‘ही वॉज लाफ्ट ॲट बाय द बॉइज’. ‘लाफ’ एकटा असेल तर त्याला कर्म नसतं. ‘हिम’ हे ‘लाफ ॲट’ या जोडीचं कर्म आहे. म्हणून कर्म उठून कर्त्याच्या जागी बसलं तरी ‘ॲट’ क्रियापदाला चिकटूनच राहतो, पुढे ‘बाय’ आला तरी. दोन शब्दयोगी अव्ययं शेजारी शेजारी विचित्र दिसतात म्हणून मुलं एक खोडतात आणि तिथेच मार्क जातो. जागा बदलल्यामुळे ‘हिम’चा ‘ही’ होतो, हे वेगळं सांगायला नको. मुलीने हे बरोबर सोडवलं होतं.

चौथं वाक्य, ‘इफ ही डज नॉट हरी, ही विल मिस द बस’. ‘अनलेस’ वापरायचा. उत्तर, ‘अनलेस ही हरीज, ही विल मिस द बस’. ‘अनलेस’मध्ये ‘इफ’ आणि ‘नॉट’ दोन्ही सामावलेले आहेत, म्हणून ‘नॉट’ वगळायचा, एवढं मुलांना पाठ असतं. पुढची पायरी मात्र पुष्कळजण चुकवतात. ‘नॉट’ गेल्यावर त्याला आधार देणाऱ्या ‘डज’चंही काम संपतं. ‘ही’साठी क्रियापदाला लागणारा ‘एस’ ‘डज’ने आपल्याकडे ठेवला होता, तो आता मूळ क्रियापदाला परत द्यावा लागतो, म्हणून ‘हरीज’. ‘अनलेस ही हरी’ असं लिहिलं तर तो ‘एस’ वाक्यातून हरवलाच. बस पुढे चुकणार असली तरी ‘अनलेस’च्या भागात ‘विल’ घालायचा नाही. अटीच्या भागात इंग्रजी साधा वर्तमानकाळच वापरते.

पण प्रत्येक ‘इफ नॉट’चा ‘अनलेस’ होतो असं नाही. ‘आय शॅल बी ग्लॅड इफ ही डज नॉट कम’ हे वाक्य घ्या. ‘तो आला नाही तर मला आनंद होईल.’ इथे त्याचं न येणंच आनंदाचं कारण आहे. ‘अनलेस’ मात्र अपवाद सांगतो. एरवी अमुक होणारच, ते फक्त या एका गोष्टीने टळेल, असा त्याचा अर्थ. ‘आय शॅल बी ग्लॅड अनलेस ही कम्स’ म्हटलं तर ‘मी एरवी खूश असेनच, तो आला तरच बिघडेल’ असा वेगळाच अर्थ निघतो. नकार हा परिणाम टाळणारी अट नसून स्वतःच परिणामाचं कारण असेल, तर ‘इफ नॉट’च ठेवावा.

पाचवं वाक्य डिग्रीचं होतं आणि मुलीचं सगळ्यात जास्त चुकलं ते इथेच. ‘साल्हेर इज वन ऑफ द हायेस्ट पीक्स इन महाराष्ट्र’, पॉझिटिव्ह डिग्री करा. तिने लिहिलं, ‘नो अदर पीक इन महाराष्ट्र इज ॲज हाय ॲज साल्हेर’. व्याकरणात या वाक्यात खोट नाही. पण साल्हेर आहे १५६७ मीटर आणि कळसूबाई १६४६ मीटर. साल्हेरइतकं उंच दुसरं एकही शिखर नाही, असं तिच्या वाक्याने म्हटलं आणि कळसूबाई नकाशावरून पुसली.

दोष पाठ केलेल्या साच्याचा आहे. सुपरलेटिव्ह दिसला की ‘नो अदर’, असं अनेक मुलांनी डोक्यात बसवलेलं असतं. वाक्य ‘कळसूबाई इज द हायेस्ट पीक’ असतं तर ते चाललंही असतं. पण ‘वन ऑफ द’ म्हणजे हे शिखर सर्वांत उंच असलेल्या काही मोजक्यांपैकी एक. त्याच्या बरोबरीची किंवा त्याहून उंच आणखीही असू शकतात, फक्त ती थोडी आहेत. हा अर्थ ‘व्हेरी फ्यू’ने राखता येतो. म्हणून उत्तर, ‘व्हेरी फ्यू पीक्स इन महाराष्ट्र आर ॲज हाय ॲज साल्हेर’. वचनही लक्षात घ्या. ‘नो अदर’पुढे एकच शिखर, म्हणून ‘पीक’ आणि ‘इज’. ‘व्हेरी फ्यू’पुढे अनेक, म्हणून ‘पीक्स’ आणि ‘आर’.

हेच कंपॅरेटिव्हमध्ये करायचं तर दोन वाटा होतात. एकमेव सर्वोच्च असेल तर ‘एनी अदर’, ‘कळसूबाई इज हायर दॅन एनी अदर पीक इन महाराष्ट्र’. अनेकांपैकी एक असेल तर ‘मोस्ट अदर’, ‘साल्हेर इज हायर दॅन मोस्ट अदर पीक्स इन महाराष्ट्र’. आपण कोणत्या वाटेवर आहोत हे कळायला मूळ वाक्यात ‘वन ऑफ’ आहे का, एवढं आधी बघावं. उत्तर लिहून झालं की एक पडताळा घ्यावा. मूळ वाक्य खरं असताना आपलं वाक्य खोटं ठरेल असं उदाहरण सुचतं का? सुचलं, तर रूपाबरोबर अर्थही बदलला. इथे ते उदाहरण कळसूबाईच्या रूपाने समोरच होतं.

त्या कंपॅरेटिव्हमधला ‘अदर’ पुष्कळदा गाळला जातो. कळसूबाई महाराष्ट्रातल्याच शिखरांपैकी एक आहे. ‘हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्र’ म्हटलं तर ती स्वतःहूनही उंच ठरते. ‘अदर’ तिला त्या गटातून तेवढ्यापुरती बाजूला काढतो. उलट, तुलना गटाबाहेरच्या गोष्टीशी असेल तर ‘अदर’ घालणं चूक. ‘एव्हरेस्ट इज हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्र’ हे असंच लिहायचं, कारण एव्हरेस्ट महाराष्ट्रात नाही आणि तिला वेगळं काढायची गरज नाही.