मुकादमाच्या पुढे काय?

बीड जिल्ह्याच्या बालाघाट पट्ट्यातली दोन शिक्षकी शाळा. केंद्रशाळेतून एक सर दिवसभरासाठी आलेत. पाचवीच्या पोरांना ते विचारतात, "मोठं होऊन कोण व्हायचं?" पुढच्या बाकावरची दोघं-तिघं ठरल्यासारखं "कलेक्टर" म्हणतात. मागचा एक जण खरं बोलतो, "मुकादम." वर्ग हसतो. सर हसत नाहीत. "ही झाली महत्त्वाकांक्षा," ते फळ्याकडे वळत म्हणतात. "बाकीच्यांनी नुसतं उत्तर दिलं."

हा मुलगा मी रचलेला आहे. तो ज्या चौकटीत राहतो, ती मात्र रचलेली नाही. दिवाळीच्या आसपास त्याचे आईबाप ऊसतोडीला जातात, कधी सांगली-कोल्हापूरकडे, कधी कर्नाटकात. नवराबायको मिळून एक 'कोयता' धरला जातो आणि त्या कोयत्यावर मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतलेली असते. फडाशेजारच्या कोपीत पाच-सहा महिने जातात. सोबत नेलेली थोरली पोरं धाकट्यांना सांभाळतात, पाणी भरतात, वाढं गोळा करतात. या जगात हिशेबाची वही, मोटारसायकल आणि चार माणसांना हाक मारायचा अधिकार एकाच माणसाकडे असतो. मुलाला मुकादम व्हावंसं वाटतं, याचा अर्थ त्याच्यात आकांक्षा नाही असा होत नाही. त्याच्या नजरेच्या टप्प्यात जे सर्वांत उंच होतं, ते त्याने निवडलं.

मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी 2004 साली एका निबंधात असाच मुद्दा मांडला होता. गरिबांना इच्छा कमी नसतात. इथून तिथवर जायच्या वाटांची माहिती त्यांच्याकडे तुटपुंजी असते, कारण त्या वाटांनी जाऊन, चुकून, परत फिरून पाहण्याची संधीच त्यांना क्वचित मिळते. अर्थतज्ज्ञ देबराज राय यांनी त्यात एक बारकावा घातला. ध्येय फार जवळ असेल तर माणूस जास्तीची धडपड करत नाही. ते फार दूर असलं तरीही करत नाही, कारण कितीही राबलं तरी अंतर फारसं कमी होत नाही. आपल्या गोष्टीतल्या मुलासाठी मुकादम जवळचा आणि कलेक्टर फार दूरचा. मधलं सगळं कोरं.

पोरांना प्रेरणा देणाऱ्या भाषणांवर माझा विश्वास नाही तो यामुळेच. पाहुणे येतात, गरिबीतून वर आलेल्या अधिकाऱ्याची कहाणी सांगतात, टाळ्या होतात. आठवड्याने त्याच वर्गात जाऊन "कोण होणार?" असं विचारलं, तर उत्तर खणखणीत येतं. "त्यासाठी पुढच्या वर्षी काय करायचं?" असं विचारून पाहावं. तिथे शांतता पसरली, तर कानावर पडलेला शब्द आत रुजलेला नाही.

गोष्टीतल्या सरांनी म्हणूनच पुढचं वर्ष बोलायला घेतलं. त्यांनी जवाहर नवोदय विद्यालयाचं नाव सांगितलं. 1985-86 मध्ये या शाळा सुरू झाल्या तेव्हा देशातल्या पहिल्या दोनांपैकी एक हरियाणात झज्जरला होती आणि दुसरी आपल्या अमरावतीत. सहावीपासून राहणं, जेवण, पुस्तकं सरकारकडून. एका शाळेत सहावीला साधारण 80 जागा, त्यातल्या किमान तीन चतुर्थांश ग्रामीण मुलांसाठी. परीक्षा दोन तासांची, 80 प्रश्न आणि 100 गुण. निम्मे गुण बुद्धिमत्ता चाचणीला असतात: वेगळी आकृती ओळखा, आरशातली प्रतिमा ओळखा, अर्धवट नक्षी पूर्ण करा. उरलेले गणित आणि भाषेत समान वाटलेले. पेपर मराठीतून देता येतो. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. हे ऐकून मागच्या बाकावरचा पुढे सरकला. आकृत्या त्याला जमायच्या.

अडचण अभ्यासात नव्हतीच. ती दिनदर्शिकेत होती. अर्ज पावसाळ्यात भरायचा असतो, तेव्हा आईबाप गावात असतात. परीक्षा बहुधा जानेवारीत, तेव्हा तोड ऐन भरात असते आणि मुलगा दोन-तीनशे किलोमीटर दूर कोपीत. शिवाय ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण शाळेत पूर्ण शिकलेली असावी लागतात, आणि तसा दाखला मुख्याध्यापकांनी द्यायचा असतो. हजेरीपटावर नाव असणं आणि वर्गात मूल असणं यात दरवर्षी चार-पाच महिन्यांची फट पडणाऱ्या गावात हा दाखला सोपा नसतो. आणि ही परीक्षा एकदाच देता येते. पुढच्या वर्षी पुन्हा, अशी सोय नाही.

तेव्हा सरांचं खरं काम शाळा सुटल्यावर सुरू झालं. पोरगं मागे ठेवायचं तर कुणाकडे? यासाठी ऊसतोड पट्ट्यात हंगामी वसतिगृहाची योजना आहे. नावात वसतिगृह असलं तरी बऱ्याच गावांत मूल आजी-आजोबांकडे झोपतं आणि शाळा व्यवस्थापन समितीमार्फत त्याच्या दोन वेळच्या जेवणाची सोय होते. टोळ्या निघायच्या आधी यादी तयार नसली, तर ट्रक पोरांसकट निघून जातो. म्हणून सर आजीकडे आधी गेले आणि बापाकडे नंतर.

इथिओपियातल्या एका प्रयोगाची इथे आठवण होते. दोबा भागातल्या खेड्यांत संशोधकांनी काही कुटुंबांना एकेक पाव तासाचे माहितीपट दाखवले. त्यात त्याच भागातली साधी माणसं आपण टप्प्याटप्प्याने कसे सावरलो ते सांगत होती. दुसऱ्या गटाला नुसता करमणुकीचा कार्यक्रम दाखवला. सहा महिन्यांनी पाहिलं तर माहितीपट पाहिलेल्या घरांत बचत वाढली होती आणि जास्त मुलं शाळेत होती. पडद्यावर कुणी थोर माणूस नव्हता, शेजारी वाटावा असा माणूस होता. सरांनी हे वाचलेलं नसेल. तरी आजीच्या ओसरीवर त्यांनी उदाहरण दिलं ते पलीकडच्या तांड्यावरच्या पोरीचं, जी नवोदयला आहे आणि जिची आई अजूनही तोडीला जाते.

मुलगा मागे राहिला. जानेवारीत तालुक्याच्या केंद्रावर जाऊन निळ्या बॉलपेनने गोल काळजीपूर्वक भरून आला. त्याची निवड झाली नाही. जिल्ह्यातून अर्ज हजारोंनी आणि जागा 80, तेव्हा बहुतेकांचं हेच होतं, आणि ही गोष्ट वेगळी संपवली तर ती खोटी ठरेल.

पण पाच महिने सलग शाळेत बसल्याने त्याचा भागाकार पक्का झाला होता. सरांकडे पुढची पायरी तयार होती. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. त्यात निवड झाली तर नववी ते बारावी दरमहा 1000 रुपये, वर्षाला 12,000. आठवी म्हणजे तेरा-चौदाचं वय. याच वयात पोराच्या हातात कोयता देऊन घरातला आणखी एक कोयता मोजायचा का, हा विचार घरोघरी सुरू होतो.

मे महिन्यात बाप पारावर भेटला. त्याने 12,000 चा आकडा दोनदा विचारून घेतला.

"आन् नाही मिळालं तर, गुरुजी?"

"तर मग नववीचं पुन्हा बोलू."

"उचल तर घेतलीय आमच्या दोघांवरच," बाप म्हणाला. "आठवीपर्यंत ऱ्हाऊ द्या म्हातारीपाशी. यादीत नाव तेवढं टोळी निघायच्या आधी घाला. गेल्या साली लई उशीर झाला हुता."