ताशी फक्त दोन युनिट

आठवडाभर न शमणारी तहान, रात्री अंथरुणात लघवी आणि आता उलट्या, धाप. अशा २० किलो वजनाच्या मुलीची साखर ४८० निघते, लघवीत कीटोन सापडतात, रक्त आम्लधर्मी झालेले असते. हा ‘डायबेटिक कीटोॲसिडोसिस’. घरच्यांना वाटते, भरपूर सलाइन लावावे, इन्सुलिनचे मोठे इंजेक्शन द्यावे. डॉक्टर मात्र हात आखडता घेतात, कारण या आजारात मुलांच्या मेंदूला सूज येऊ शकते.

पहिल्या तासात किलोमागे १० मिलिलिटर, म्हणजे २०० मिलिलिटर सलाइन. उरलेली तूट २४ ते ४८ तासांत सावकाश भरायची. इन्सुलिन तासाभरानंतर, पंपातून: किलोमागे ताशी ०.१ युनिट, म्हणजे ताशी २ युनिट.

साखर काही तासांतच २५०-३०० पर्यंत उतरते. ‘आता इन्सुलिन बंद करा ना,’ असा आग्रह इथेच होतो. पण रक्तातले आम्ल अजून हटलेले नसते आणि ते इन्सुलिनशिवाय हटत नाही. म्हणून इन्सुलिन चालूच ठेवून सलाइनमध्ये ग्लुकोज मिसळतात. इन्सुलिनने पोटॅशियमही घटते, तेही वेळोवेळी तपासून द्यावे लागते. दरम्यान मूल डोके दुखते म्हणाले, गुंगीत गेले किंवा नाडी मंदावली, तर नर्सला तत्काळ सांगावे. झोप लागली असेल असे समजू नये.