शिष्यवृत्ती जमा झाली, पण कोणत्या खात्यात?

महाडीबीटीवर अर्ज मंजूर दिसतो, रक्कम वितरित झाल्याचेही दिसते आणि पासबुकात मात्र नोंद नाही. कॉलेजचा शिष्यवृत्ती विभाग बँकेत पाठवतो. बँकेत उत्तर मिळते, ‘आधार लिंक आहे, आमच्याकडे काही आलेले नाही.’ बहुतेक वेळा दोघेही खरेच सांगत असतात, आणि म्हणूनच विद्यार्थ्याचे हेलपाटे थांबत नाहीत.

गोम अशी की हे पैसे खाते क्रमांकावर पाठवलेले नसतात, आधार क्रमांकावर पाठवलेले असतात. कोणत्या आधारचे पैसे कोणत्या बँकेकडे द्यायचे, याची नोंद एनपीसीआय या संस्थेकडे असते. त्या नोंदीत फक्त बँक असते, खाते क्रमांक नसतो. एका आधारपुढे एका वेळी एकच बँक राहते. नवी बँक नोंदली गेली की जुनी आपोआप हटते. बँकेने केवायसीसाठी आधार घेतले म्हणजे ही नोंद झालीच असे नाही. त्यासाठी खातेदाराची वेगळी संमती लागते. काउंटरवरचा ‘आधार लिंक आहे’ हा शब्द पुष्कळदा केवायसीपुरताच असतो.

एक उदाहरण घेऊ. परभणी जिल्ह्यातल्या मुलीचे दहावीपासून गावाजवळच्या राष्ट्रीयीकृत बँकेत खाते आहे. पहिल्या वर्षाची शिष्यवृत्ती तिथे आली. पुढे छत्रपती संभाजीनगरला बी.एस्सी. करताना तिने मोबाइलच्या दुकानात अंगठा लावून पेमेंट बँकेचे खाते उघडले. सरकारी अनुदान याच खात्यात घेण्याच्या संमतीवर तेव्हाच खूण झाली. ते तिला कोणी समजावून सांगितले नाही. दुसऱ्या वर्षी ती गावच्या पासबुकात पैसे शोधत राहिली. पैसे दुकानातल्या खात्यात पडून होते. अर्जात जुना खाते क्रमांक अचूक भरलेला असूनही त्याचा उपयोग झाला नाही.

म्हणून बँकेत जाण्याआधी myaadhaar.uidai.gov.in या संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून आत जावे आणि ‘Bank Seeding Status’ उघडावे. ओटीपीसाठी आधारला आपला चालू मोबाइल क्रमांक जोडलेला हवा. नसेल तर आधी तो जोडून घ्यावा लागतो. तिथे बँकेचे नाव, नोंद ‘Active’ आहे की ‘Inactive’ आणि शेवटच्या बदलाची तारीख दिसते. ती तारीख नीट पाहावी. आपण कुठे, कधी अंगठा लावला हे तिच्यावरून आठवते.

भलत्याच बँकेचे नाव दिसले तर आधी तिथली शिल्लक तपासावी. पुढचे हप्ते जुन्या खात्यात हवे असतील तर जुन्या बँकेत आधार सीडिंगचा संमती अर्ज भरावा, त्यात सध्याच्या बँकेचे नाव लिहून ती बदलायची आहे असे नमूद करावे आणि पोच घ्यावी. तोंडी विनंती करून परतू नये. काही दिवसांनी संकेतस्थळावर पुन्हा पाहावे. तिथे नाव बदलले की काम झाले.

बँक बरोबर दिसते, नोंदही चालू आहे, तरी पैसे नाहीत, असेही होते. त्याच बँकेत दोन खाती असली तर कोणत्या खात्यात जमा करायचे हे बँकेची प्रणाली ठरवते. तेव्हा ‘माझे आधार कोणत्या खाते क्रमांकाला जोडले आहे?’ असा नेमका प्रश्न विचारावा. केवायसी रखडल्यामुळे खाते गोठवलेले असले तर रक्कम बँकेपर्यंत येऊन परत फिरते.

आधार आणि बँकेतले नाव किंवा जन्मतारीख जुळत नसल्यानेही सीडिंग अडते. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींना याचा फार त्रास होतो. आधी दहावीचे प्रमाणपत्र, आधार आणि पासबुक शेजारी ठेवून चूक कुठे आहे ते ठरवावे. आधारमध्ये असेल तर ते आधी दुरुस्त करावे आणि मग नव्या आधारच्या प्रतीसह बँकेत केवायसीचा अर्ज द्यावा. उलट क्रमाने गेले तर बँकेच्या दोन फेऱ्या होतात.

उशीर इथे महागात पडतो. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातून कॉलेजचे शुल्क भरायचे असते. पैसे परत गेलेले असताना कॉलेज शुल्कासाठी तगादा लावते, तेव्हा हा तोल मुलांच्या घरच्यांना सांभाळावा लागतो. अशा वेळी सीडिंगच्या पानाची छापील प्रत जोडून, अर्ज क्रमांक आणि हप्ता लिहून कॉलेजकडे लेखी अर्ज द्यावा. नोंद दुरुस्त झाली म्हणून परत गेलेली रक्कम आपोआप येईलच, असे धरून बसू नये. ती संबंधित विभागाला पुन्हा पाठवावी लागते. कॉलेजने पुढे काही केले नाही, तर तोच अर्ज पोच घेऊन जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयात द्यावा.