भात सोडला, भाकरी धरली. साखर का उतरली नाही?

मधुमेहाचं निदान झालं की बहुतेक मराठी घरांत पहिली कुऱ्हाड भातावर पडते. भाताच्या जागी ज्वारीची भाकरी येते, सकाळी नाचणीचं सत्त्व सुरू होतं, उपासाच्या साबुदाण्याऐवजी भगर शिजते. तीन महिन्यांनी तपासणी होते आणि एचबीए१सी जवळजवळ तिथंच असतं. मग कोणी म्हणतं औषध लागू पडत नाही, कोणी म्हणतं पथ्य पाळलं नसेल. पथ्य बरेचदा मन लावून पाळलेलं असतं, पण ते एका चुकीच्या समजावर उभं असतं. धान्याचं नाव बदललं की रक्तातली साखर बदलते, हा तो समज. प्रत्यक्षात साखर किती चढेल हे नावावर फार थोडं ठरतं. पोटात एकूण किती पिष्ट गेलं, ते दळून, गाळून, शिजवून किती सुटं झालं होतं आणि त्याच्या सोबतीला ताटात काय होतं, यावर ते मुख्यतः ठरतं.

या समजाच्या मुळाशी ग्लायसेमिक इंडेक्सचं अर्धवट वाचन आहे. टोरांटो विद्यापीठातल्या डेव्हिड जेनकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ही मोजणी मांडली. उपाशीपोटी असलेल्या माणसाला ५० ग्रॅम पचणारी कर्बोदकं मिळतील इतका पदार्थ द्यायचा, पुढचे दोन तास ठरावीक अंतरानं रक्तातली साखर मोजायची आणि तितक्याच ग्लुकोजनं चढलेल्या साखरेशी तिची तुलना करायची. ग्लुकोज १०० धरलं, तर ५५ पर्यंतचा आकडा कमी आणि ७० किंवा त्यावरचा जास्त. यातली कळीची गोष्ट म्हणजे तुलना समान कर्बोदकांची असते. ५० ग्रॅम कर्बोदकांसाठी ज्वारीचं पीठ साधारण ७४ ग्रॅम लागतं आणि तांदूळ ६४ ग्रॅम, म्हणजे शिजलेला भात सुमारे दोन वाट्या. प्रयोगशाळेत हे वजन करून देतात. घरी मात्र भात वाटीनं वाढला जातो आणि भाकरी भूक भागेपर्यंत.

एक साधं गणित करून पाहू. एका माणसानं रात्री दोन वाट्या भात खाल्ला, म्हणजे शिजलेला सुमारे २०० ग्रॅम. त्यात कर्बोदकं ५६ ग्रॅमच्या आसपास. दुसऱ्यानं भात सोडून ज्वारीच्या दोन मोठ्या भाकरी खाल्ल्या, एकेक ७५ ग्रॅम पिठाची. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कोष्टकानुसार ज्वारीत शंभर ग्रॅमला सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदकं असतात, तंतू वगळून. म्हणजे दीडशे ग्रॅम पिठातून शंभर ग्रॅमच्या वर गेली. आता इंडेक्स जोडू. उकडलेल्या पांढऱ्या भाताची जागतिक सरासरी ७३ आहे. ज्वारीच्या भाकरीचा आकडा बडोद्याच्या एका जुन्या अभ्यासात ७७ च्या आसपास आला होता आणि बाजरीचा ५५ च्या आसपास. कर्बोदकांच्या ग्रॅमला इंडेक्सनं गुणून शंभरानं भागलं की ताटाचा एकूण भार, म्हणजे ग्लायसेमिक लोड मिळतो. भाताचा भार ४१ निघतो, ज्वारीच्या दोन भाकरींचा ७८. बाजरीच्या तितक्याच पिठाच्या दोन भाकरी धरल्या, तरी ५१. कमी इंडेक्सचं धान्यही इथं हरतं, कारण प्रमाण वाढलेलं आहे. हे आकडे वेगवेगळ्या चाचण्यांतले असल्यामुळे ढोबळच धरायचे, पण फरक इतका मोठा आहे की निष्कर्ष हलत नाही. उलट ५० ग्रॅम पिठाची एकच ज्वारीची भाकरी घेतली, तर भार २६ वर येतो.

दुसरा गैरसमज त्याहून खोल रुजलेला आहे: धान्य पौष्टिक म्हणजे त्याचा कुठलाही पदार्थ मधुमेहाला चांगला. नाचणीचं सत्त्व घ्या. नाचणी भिजवायची, वाटायची, फडक्यातून गाळून घ्यायची आणि खाली बसलेला निवळ साका वाळवायचा. फडक्यात जो चोथा उरतो तोच नाचणीचा तंतुमय भाग, म्हणजे साखर हळू चढवणारा भाग. वाळवून डब्यात भरलं जातं ते मुख्यतः पिष्ट. ते पाण्यात किंवा दुधात शिजवून पातळ केलं की आतड्याला फारसं काम उरत नाही. लहान बाळासाठी आणि आजारातून उठलेल्या माणसासाठी सत्त्व उत्तम आहे, ते नेमकं लवकर पचतं म्हणून. मधुमेह्याला तोच गुण बाधतो. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असतं, तांदळात ते नगण्य असतं, आणि हा नाचणीचा मोठा गुण आहे. पण तो हाडांच्या हिशेबातला आहे. साखरेच्या हिशेबात तो कामाला येत नाही.

भगरीची गोष्टही अशीच. ज्वारी, बाजरी, नाचणी यांना जाड टरफल नसतं, त्यामुळे त्या सहसा कोंड्यासकट दळल्या जातात. वरई, राळा, कोद्रा यांचं टरफल खाता येत नाही, ते काढावंच लागतं. गिरणीत ते काढताना आतला कोंडाही घासून जातो. पांढरीशुभ्र, चकचकीत, महिनोन्‌महिने टिकणारी भगर म्हणजे पॉलिश केलेलं धान्यच, आणि पॉलिश तांदळापेक्षा ती फार वेगळी वागेल अशी अपेक्षा धरू नये. कोंडा शिल्लक असलेली वरई मळकट, किंचित तपकिरी दिसते, शिजायला जास्त वेळ घेते आणि कोंड्यातल्या तेलामुळे लवकर खवट होते. दुकानात एवढी पारख पुरते.

यावर एक रास्त आक्षेप येईल. मिलेट्सच्या बाजूनं संशोधन नाही का? आहे. इक्रिसॅटच्या पुढाकारानं २०२१ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात मिलेट्सचा सरासरी इंडेक्स ५३ च्या आसपास निघाला, पांढऱ्या तांदळापेक्षा बराच कमी, आणि नियमित खाणाऱ्यांची उपाशीपोटीची साखरही घटलेली दिसली. हे मी नाकारत नाही. पण सरासरीच्या पोटात बाजरीची भाकरी, अख्ख्या राळ्याचा भात आणि पातळ खीर असे कितीतरी पदार्थ एकत्र येतात, आणि चाचणीत प्रमाण ठरवून दिलेलं असतं. घरच्या ताटाच्या जवळ जाणारा पुरावा वेगळ्या ठिकाणाहून आला. आयसीएमआर-इंडियॅब या देशव्यापी सर्वेक्षणाचं आहाराचं विश्लेषण २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं. भारतीय माणसाची सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते असं त्यात दिसलं. पांढऱ्या तांदळासारख्या धान्याच्या जागी गव्हाचं किंवा मिलेटचं पीठ आणल्यानं मधुमेहाचा धोका कमी झालेला आढळला नाही. कर्बोदकांच्या पाच टक्के ऊर्जेच्या जागी डाळीचं किंवा दुधाचं प्रथिन आल्यास तो कमी दिसला. हा पाहणीतून निघालेला संबंध आहे, प्रयोगानं सिद्ध झालेलं कारण नव्हे. तरी ताटाचा हिशेब तेच सांगतो. भाकरी कमी करून उसळ वाढवणाऱ्याला दुहेरी लाभ मिळतो, आणि नुसती भाताच्या जागी भाकरी ठेवणारा जिथल्या तिथे राहू शकतो.

दुसरा आक्षेप कोकणातून आणि गोव्यातून येईल: आमचं जेवणच भाताचं, मग आम्ही काय करायचं? भात सोडण्याची गरज नाही. तांदूळही एकजिनसी नाही. आंतरराष्ट्रीय तांदूळ संशोधन संस्थेनं २३५ वाणांची तपासणी केली तेव्हा इंडेक्स ४८ पासून ९२ पर्यंत पसरलेला आढळला, आणि भारतात भरपूर पिकणारा स्वर्णा कमी गटात आला. दाण्यात अमायलोज नावाचं पिष्ट जास्त असलं की भात मोकळा होतो आणि हळू पचतो. चिकट, मऊ भात उलटा. उकड्या तांदळात दाणा टरफलासकट वाफवल्यामुळे पिष्टाची घडण बदलते, म्हणून तो बरेचदा पांढऱ्या सुरय तांदळापेक्षा बरा ठरतो. मात्र त्याचीच पेज करून प्यायली, तर हा फायदा बराचसा हातचा जातो. भात शिजवून फ्रिजमध्ये चोवीस तास ठेवावा आणि मग गरम करून खावा, हा उपाय हल्ली फार सांगितला जातो. तो खोटा नाही. थंड होताना काही पिष्ट न पचणाऱ्या रूपात जातं. पण एका चाचणीत असं पिष्ट शंभर ग्रॅम भातात दोन ग्रॅमलाही पोचलं नाही. त्या भरवशावर तिसरी वाटी घेणं म्हणजे मिळवलेलं घालवणं. शिवाय शिजलेला भात तासन्‌तास बाहेर राहिला तर त्यात जंतू वाढतात. ठेवायचाच तर लवकर फ्रिजमध्ये ठेवावा.

मग ताट कसं असावं? एक जेवण धरू: ५० ग्रॅम पिठाची एक ज्वारीची भाकरी, एक वाटी मटकीची घट्ट उसळ, भरपूर पालेभाजी, काकडीची कोशिंबीर आणि वाटीभर दही. भाकरीतून ३४ ग्रॅम कर्बोदकं, उसळीतून पंधरा-सोळा, बाकी थोडी. भाकरीऐवजी भात हवा असेल तर तो एक सपाट मध्यम वाटी, शंभर-सव्वाशे ग्रॅम. दोन्ही हवे असतील तर अर्धी भाकरी आणि अर्धी वाटी. ५० ग्रॅम पीठ म्हणजे किती, हे डोळ्यांना बसेपर्यंत स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजावं. आपल्याकडची मोठी, जाड भाकरी पाहता हे प्रमाण पहिल्यांदा तुटपुंजं वाटतं, आणि म्हणूनच उसळ व भाजीची वाटी मोठी लागते. नुसता ठेचा आणि दोन भाकरी हे चवीचं जेवण खरं, पण साखरेच्या बाबतीत सगळा भार धान्यावर पडतो. पिठलं किंवा डाळ आली की चित्र बदलतं. भाजी आणि उसळ आधी, धान्य नंतर खाल्लं तरी साखरेचा चढ मंदावतो. स्वयंपाकात नियम एकच: दाणा जितका अख्खा राहील तितकं बरं. ज्वारीच्या कण्या बारीक पिठापेक्षा बऱ्या, बाजरीची खिचडी मऊ घाट्यापेक्षा बरी, आणि ज्वारीच्या लाह्या हलक्या दिसतात पण फुललेलं पिष्ट झटकन पचतं. नाचणीच्या बिस्किटांच्या पुड्यावर घटकांची यादी वाचावी; बरेचदा पहिलं नाव मैद्याचं असतं.

शेवटी ज्याच्या त्याच्या शरीराचं उत्तर ग्लुकोमीटर देतो. जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासानंतर बरोबर दोन तासांनी एकदा मोजावं. भाजी, डाळ, औषध आणि वेळ तीच ठेवून एके दिवशी भात, दुसऱ्या दिवशी भाकरी घ्यावी, आणि दोन आकड्यांतला फरक पाहावा. एका दिवसावर निकाल देऊ नये. झोप, ताण, चालणं यांनीही आकडा हलतो. बहुतेक प्रौढांसाठी जेवणानंतरची मर्यादा १८० धरतात, पण वृद्धांसाठी आणि गरोदर स्त्रियांसाठी ती वेगळी असते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी सुरू असेल, तर दोन भाकरींवरून एकीवर येण्याआधी डॉक्टरांना सांगावं. औषधाची मात्रा जुन्या ताटाला बेतलेली असते आणि साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, एकाएकी लागलेली भूक ही त्याची खूण. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी उसळ-डाळ वाढवण्याआधीही हाच सल्ला घ्यावा.