कुलूप कुणाच्या दाराला, किल्ली कुणाच्या हाती?

दिघीच्या जेटीवर आगरदांड्याच्या फेरीबोटीची वाट पाहत असताना आमचा एक जुना विद्यार्थी भेटला. आखाती देशात नोकरीला असतो, सुट्टीवर आला होता. सलाम-दुआ झाली आणि त्याने मोबाइल पुढे केला. "सर, हे शेअरचं अ‍ॅप आणि हे क्रिप्टोचं. दोन्हीकडे भाव वरखाली होतात, दोन्हीकडे बोट लावलं की खरेदी. मग फरक तो काय?" तेवढ्यात बोट लागली. त्याचे उत्तर आम्ही इथे सविस्तर देतो.

पहिला फरक वेळेचा. आपला शेअर बाजार सोमवार ते शुक्रवार, सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन. 17 जुलै 2024 रोजी मोहरमची सुट्टी होती, बाजार बंद होता. क्रिप्टोला मात्र ना रविवार, ना ईद, ना रात्र. आपण झोपेत असताना अमेरिकेत भाव कोसळला, तर सकाळी उठेपर्यंत सारे आटोपलेले असते. शेअर बाजाराला ब्रेकही आहे. 23 मार्च 2020 रोजी निर्देशांक 10 टक्के पडताच व्यवहार 45 मिनिटे थांबवले गेले. घसरण त्याने टळली नाही, दिवसअखेर ती 13 टक्क्यांवर गेली. पण लोकांना विचार करायला उसंत मिळाली. त्याच महिन्यात बिटकॉइन एका दिवसात तिसऱ्या हिश्शाहून अधिक पडला, तेव्हा असा सर्वांना लागू होणारा ब्रेक नव्हता.

दुसरा आणि आमच्या मते सर्वांत मोठा फरक अमानतीचा: विकत घेतलेली वस्तू ठेवलेली कुठे असते? शेअर घेतला की तो दलालाच्या तिजोरीत राहत नाही. एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरीत तुमच्या नावाच्या डिमॅट खात्यात जमा होतो. 2019 मध्ये कार्वी या दलाल कंपनीने ग्राहकांचे शेअर स्वतःच्या खात्यात वळवून त्यांवर कर्ज काढल्याचे उघड झाले. सेबीने नोव्हेंबरमध्ये आदेश काढला आणि डिसेंबरच्या सुरुवातीलाच सुमारे 83 हजार ग्राहकांचे शेअर त्यांच्या खात्यांत परतले. कारण कोणता शेअर कुणाचा, याची नोंद दलालाच्या बाहेरही होती.

आता दुसरी बाजू पाहा. मोहरमच्या त्या सुट्टीच्या दुसऱ्याच दिवशी, 18 जुलै 2024 रोजी, वझीरएक्स या भारतीय क्रिप्टो एक्स्चेंजच्या एका वॉलेटमधून सुमारे 23 कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली. ग्राहकांच्या एकूण ठेवीचा हा जवळपास 45 टक्के भाग. या वॉलेटला सहा किल्ल्या होत्या, पाच कंपनीकडे आणि एक सांभाळ करणाऱ्या दुसऱ्या संस्थेकडे. व्यवहाराला चार सह्या लागत. कंपनीच्या म्हणण्यानुसार, सह्या करणाऱ्यांना पडद्यावर एक व्यवहार दिसला आणि सही झाली ती भलत्याच व्यवहारावर.

ग्राहकाच्या अ‍ॅपवर त्याची नाणी दिसत होती, पण ती केवळ कंपनीच्या वहीतली नोंद होती. प्रत्यक्ष नाणी एकत्र ठेवलेली. म्हणून ज्यांची नाणी चोरीला गेली नव्हती, त्यांनाही तोटा वाटून घ्यावा लागला. प्रकरण सिंगापूरच्या न्यायालयात गेले. ऑक्टोबर 2025 मध्ये व्यवहार पुन्हा सुरू झाले, तेव्हा सुमारे 85 टक्के नाणी परत मिळू लागली. म्हणजे सव्वा वर्ष वाट पाहावी लागली.

किल्ली स्वतःकडेच ठेवायची सोयही आहे. बारा किंवा चोवीस शब्दांची यादी हीच ती किल्ली. पण ती हरवली तर कुठलेही कार्यालय नवी काढून देत नाही. डिमॅटला नॉमिनी असतो. इथे घरच्यांना शब्द ठाऊक नसतील, तर वारसांच्या हाती काहीच लागत नाही.

तिसरी गोष्ट, विकायला गेल्यावर गिऱ्हाईक आहे का? समजा, एका लहान नाण्याचा भाव अ‍ॅपवर दहा रुपये दिसतो आणि तुमच्याकडे पाच हजार नाणी आहेत. मनात हिशेब होतो पन्नास हजारांचा. पण मागणी अशी आहे: एक हजार नाणी 9.80 ला, एक हजार 9.20 ला आणि उरलेली तीन हजार आठ रुपयांना. सगळी एकदम विकली, तर हातात येतील 43 हजार. शेवटचा भाव म्हणजे मिळणारा भाव नव्हे. लहान कंपनीच्या शेअरमध्येही हेच घडते, आणि खालचे सर्किट लागले तर गिऱ्हाईकच मिळत नाही. म्हणून विकण्याआधी, खरे तर घेण्याआधीच, अ‍ॅपवरची मागणीची यादी उघडून पाहावी.

राहिली जोखीम. शेअरमागे कंपनी असते, तिचा नफातोटा दर तिमाहीला छापून येतो. तरी कंपन्या बुडतात. बहुतेक नाण्यांमागे असा ताळेबंद नसतो. त्यात क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही.

विद्यार्थ्याला आम्ही बोटीवर एवढेच विचारले, "बाबा, उद्या हे अ‍ॅप उघडलंच नाही, तर तुझी वस्तू तुझ्या नावावर आहे असं सांगणारं दुसरं कोण आहे?" शेअरसाठी त्याने डिपॉझिटरीकडून आलेले खात्याचे विवरणपत्र दाखवले. क्रिप्टोसाठी तो आगरदांडा येईपर्यंत मोबाइल चाळत राहिला.