मशीन नेमकं कुठे थांबलं?

कपडे धुऊन झाले, खळबळणं संपत आलं आणि पिळण्याच्या आधीच मशीन थांबलं. काचेतून गढूळ पाणी दिसतंय, पडद्यावर दोन अक्षरं लुकलुकतायत. एलजीच्या मशीनवर ती OE असतात, सॅमसंगच्या नव्या मशीनवर 5C, बॉशवर बहुधा E18. तिन्हींचा अर्थ एकच: ठरलेल्या वेळात पाणी बाहेर गेलं नाही. पंप जळाला, असा त्याचा अर्थ नाही. काय घडायला हवं होतं आणि घडलं नाही, एवढंच मशीन सांगतं. कारण आपल्याला शोधावं लागतं, आणि बऱ्याचदा ते पुढच्या बाजूला तळाशी असलेल्या छोट्या झाकणामागे सापडतं.

आधी प्लग काढा आणि नळ बंद करा. गरम पाण्याचा प्रोग्राम लावला असेल, तर पाणी निवू द्या. झाकणाच्या आत फिल्टरची गोल मूठ दिसते. काही मॉडेलमध्ये तिच्या शेजारी बूच लावलेली बारीक नळी असते. ती आधी उघडून पाणी पसरट ताटात काढून घ्यावं. अशी नळी नसेल, तर जुना टॉवेल अंथरून मूठ थोडी थोडी सैल करा. ती एकदम काढली, तर ड्रममधलं सगळं पाणी घरभर होईल. आत नाणी, हेअरपिना, बटणं आणि लोकरीसारखा घट्ट झालेला धाग्यांचा बोळा सापडतो. फिल्टर धुतल्यावर त्याच्या मागच्या पोकळीत टॉर्च मारून बघा. तिथे पंपाचं छोटं पातं असतं. काडीनं हलवल्यावर ते अडखळत, टप्प्याटप्प्यानं फिरलं, तर काळजी नको. आतल्या चुंबकामुळे ते तसंच फिरतं. मूठ परत लावताना मात्र पूर्ण आवळा.

मशीन सुरुवातीलाच, पाणी घेतानाच अडलं, तर गोष्ट वेगळी. तेव्हा एलजीवर IE दिसतं, सॅमसंगवर 4C. इथे लोक लगेच व्हॉल्व्ह बदलायला निघतात. त्याआधी नळ बंद करून मशीनच्या मागची पाण्याची नळी सोडवा, तिचं तोंड बादलीत धरा आणि नळ उघडा. धार जोरात आली, तर मशीनच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी पक्कडीनं हलकेच ओढून बघा. सोसायटीची टाकी धुतल्यानंतर तिथे हमखास गाळ बसतो. क्षारांचा पांढरा थर असेल, तर जाळी थोडा वेळ व्हिनेगरमध्ये ठेवून ब्रशनं घासावी.

धार बारीकच असेल, तर दोष मशीनचा नाही. पाण्याच्या 10 मीटर उंचीला साधारण 1 बार दाब मिळतो. सर्वात वरच्या मजल्यावर गच्चीतली टाकी मशीनच्या तोंडापेक्षा दोनच मीटर वर असेल, तर दाब 0.2 बारच्या आसपास राहतो, आणि बऱ्याच मशीनना किमान 0.3 ते 0.5 बार लागतो. अशा घरी व्हॉल्व्ह कितीही बदलले, तरी IE येतच राहणार. तिथे प्रेशर पंपच हवा.

IE चं आणखी एक कारण आहे आणि ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. समजा, धार जोरदार आहे, जाळी स्वच्छ आहे, मशीन पाणी घेतानाचा आवाजही येतोय, तरी ड्रम भरत नाही. अशा वेळी मोरीकडे बघा. सांडपाण्याची नळी थेट जमिनीवर टाकलेली असेल, तर पंप बंद असतानाही पाणी तिच्यातून आपोआप ओढलं जातं. एका बाजूनं येतं आणि दुसऱ्या बाजूनं निघून जातं. म्हणून ही नळी वाटेत एकदा तरी साधारण 60 ते 100 सेंटिमीटर उंचीवरून गेली पाहिजे. मशीनच्या पाठीवरची क्लिप त्यासाठीच असते. फरशी पुसताना किंवा मशीन सरकवताना नळी तिच्यातून निसटते. ती परत अडकवली, की पाणी टिकतं.

दाराचा कोड, dE किंवा dC, बहुतेकदा प्रोग्राम सुरू करतानाच येतो. रबरात अडकलेला मोजा, कडेला साचलेली साबणाची खर किंवा बिजागरीपाशी किंचित कललेलं दार, एवढ्यानंही कुलपाचा 'टक' आवाज होत नाही. कडा पुसून दार थोडं उचलून लावून बघा. कुलपात तापून वाकणारी पट्टी असेल, तर धुणं संपल्यावर ती थंड होऊन दार उघडायला मिनिटभर किंवा थोडा जास्त वेळ लागतो. तेवढ्यात मूठ ओढली, तर चांगलं दार तुटतं. आत पाणी असताना तर ते उघडूच नये.

हे सगळं तपासूनही कोड परत आला, पंप नुसता गुणगुणत राहिला किंवा मशीनखाली पाणी दिसलं, तर प्लग काढून मेकॅनिकला बोलवा. मशीन कुठल्या टप्प्यावर थांबलं आणि पडद्यावर काय होतं, हे त्याला फोनवरच सांगा, म्हणजे लागणारा भाग तो सोबत घेऊन येईल.